सामाईक हालचालीचा शोध : प्रस्तावना

पावसाळ्यात कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत तालुकावार पावसाचं कोष्टक छापून येतं, आणि शहरातला जाणता वाचक त्यात आधी गगनबावड्याचा आकडा शोधतो. तिथे रात्रभरात किती पडला यावरून राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा कुठवर चढेल याचा अंदाज बांधायचा, ही इथली जुनी सवय. बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. गगनबावड्याच्या डोंगरात उगम पावणारी कुंभी, तिच्या शेजारच्या कासारी, तुळशी, भोगावती, सगळ्यांचं पाणी खाली येऊन पंचगंगेत मिसळतं. त्याला वेळ लागतो, वाटेत धरणं असतात, आणि खाली शिरोळला वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस होत असताना वर गगनबावड्याला पाच हजारांच्या घरात होतो. तरीही अनेक ठिकाणच्या पावसामागे एकच मोठी हालचाल आहे, काही ठिकाणं तिची खबर लवकर देतात, काही उशिरा, आणि प्रत्येक ठिकाणाचं आपलं असं काही वेगळंही असतं, हे तो वाचक गृहीत धरूनच चालतो.

अर्थव्यवस्थेचे आकडे याच नजरेने वाचण्याचं शास्त्र हा या पुस्तकाचा विषय आहे. ऊस गाळप, वीजवापर, ई-वे बिलं, वाहननोंदणी, बँकेची कर्जं, रेल्वेची मालवाहतूक, निर्यात अशा डझनावारी मालिका दर महिन्याला येतात. प्रत्येकीत थोडी सगळ्यांची म्हणून हालचाल असते आणि थोडी तिची एकटीची. पहिली वेगळी काढायची दोन साधनं इथे शिकायची आहेत. एक मुख्य घटक विश्लेषण, दुसरं गतिमान घटक प्रारूप. यालाच अभ्यासक डायनॅमिक फॅक्टर मॉडेल म्हणतात. वाचकाला बेरीज-सरासरीपलीकडे सहसंबंध म्हणजे काय एवढं ठाऊक असलं की पुरे. आव्यूहांची भीती वाटत असेल तर पहिल्या वाचनात ती पानं सोडून द्यावीत. मी वर्गातही तेच सांगतो.

मुख्य घटकाची कल्पना अशी. समजा आपल्याकडे तीन मालिका आहेत आणि आपल्याला त्यांची एकच भारित बेरीज करायची आहे. भार कोणते द्यायचे? ज्यांच्यामुळे त्या एका बेरजेत तिन्ही मालिकांचं जास्तीत जास्त विचरण सामावेल ते. कार्ल पिअर्सनने १९०१ साली हा प्रश्न भूमितीच्या भाषेत मांडला. बिंदूंच्या ढगातून जाणारी, सगळ्यांच्या सर्वांत जवळची रेषा कोणती, असं त्याने विचारलं. हॅरोल्ड हॉटेलिंगने १९३३ साली त्याला आजचं रूप दिलं. तिसरं नाव मराठी वाचकाला ओळखीचं आहे, पण या संदर्भात नव्हे. गोव्यातल्या कोसबेनचे दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत असताना १९४३ साली त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. सुट्या आकड्यांऐवजी काळानुसार सलग बदलणारी वक्ररेषाच हाती असेल तर तिचे मुख्य घटक कसे काढायचे, याचा विचार त्यात होता. कारहुनेन आणि लोएव्ह यांनी याच गोष्टीवर त्यानंतर काही वर्षांनी लिहिलं आणि बरीच वर्षं तो सिद्धांत त्या दोघांच्याच नावाने शिकवला गेला. आता अनेक ठिकाणी कोसंबींचं नाव आधी लावतात. इतिहासकार कोसंबी घरोघरी वाचले जातात, गणिती कोसंबी मात्र गणिताच्या वर्गातही क्वचितच भेटतात, याची मला खंत आहे. त्यांचं नाव इथे केवळ अभिमानापोटी घेतलेलं नाही. पुढे एका सापळ्याविषयी बोलायचं आहे आणि त्याची किल्ली याच सिद्धांतात आहे.

आधी एक उदाहरण हाताने सोडवू. आकडे मी सोयीसाठी मनाने घेतले आहेत, ते कोणत्याही जिल्ह्याचे नाहीत. समजा कोल्हापूर जिल्ह्यासाठी तीन मासिक मालिका घेतल्या : ऊस गाळप, औद्योगिक वीजवापर आणि वाहननोंदणी. ऋतूचा परिणाम काढून टाकला, प्रत्येकीतून तिची सरासरी वजा केली आणि प्रमाणित विचलनाने भागलं, म्हणजे टन, युनिट आणि गाड्या एका मापात आल्या. आता कोणत्याही दोघींमधला सहसंबंध ०.३ निघाला असं धरू. तिघी सारख्याच असल्यामुळे भारही सारखे येतात आणि पहिल्या मुख्य घटकात एकूण विचरणाचा १.६ भागिले ३, म्हणजे ५३ टक्के वाटा सामावतो. या घटकाचा प्रत्येक मालिकेशी सहसंबंध सुमारे ०.७३ असतो. तिघींना सारखाच न्याय मिळालेला आहे.

इथे कोणीतरी चौथी मालिका आणून देतं : साखरेचं उत्पादन. दिसायला नवी माहिती. पण साखर म्हणजे गाळप गुणिले उतारा, आणि कोल्हापूरकडे उतारा बारा टक्क्यांच्या आसपास फारसा न हलता राहतो. म्हणून या दोन मालिकांमधला सहसंबंध ०.९५ धरू, इतरांशी तिचाही ०.३. पुन्हा मुख्य घटक काढला तर काय होतं? पहिल्या घटकाचा वाटा ५३ वरून ५८ टक्क्यांवर जातो. प्रारूप सुधारलं असं वाटतं. पण भार पाहा : गाळप आणि साखर प्रत्येकी ०.६१, वीज आणि वाहनं प्रत्येकी ०.३६. भारांच्या वर्गांची बेरीज एक असते, त्या हिशेबात ७४ टक्के उसाच्या जोडीकडे गेले. घटकाचा गाळपाशी सहसंबंध ०.९२ झाला आणि विजेशी ०.५५ वर उतरला. जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचा निर्देशांक करायला बसलो होतो आणि उसाचा निर्देशांक तयार झाला. माहिती काडीचीही वाढली नाही, फक्त एकच गोष्ट दोनदा मोजली.

हे उदाहरण मी इतकं लांबवलं कारण मुख्य घटकाविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज त्यातून निघतो. विद्यार्थी शोधनिबंधात लिहितात, पहिला घटक अमुक टक्के विचरण स्पष्ट करतो, म्हणून निर्देशांक विश्वासार्ह आहे. तो टक्का आपण टोपलीत काय भरलं यावर अवलंबून असतो. आपल्याकडे सरकारी सारण्यांमध्ये एकाच गोष्टीचे पाच पोटभाग सहज मिळतात आणि सेवाक्षेत्राच्या मासिक मालिका फार थोड्या मिळतात. मग टोपली आपोआप कलते. ज्याँ बॉय्व्हँ आणि सेरेना एनजी यांनी २००६ साली अमेरिकेच्या १४७ मालिकांवर हे तपासलं. नीट निवडलेल्या ४० मालिकांतून काढलेले घटक अनेकदा सगळ्या १४७ मधून काढलेल्या घटकांइतकेच, कधी त्यांहून चांगले ठरले. यावर उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. घटक काढून झाल्यावर प्रत्येक मालिकेतून त्याचा हिस्सा वजा करायचा आणि जे अवशेष उरतील त्यांचे आपापसातले सहसंबंध पाहायचे. एखाद्या जोडीचे अवशेष घट्ट जुळलेले दिसले तर तिथे मोजणी दोनदा झालेली आहे. एक मालिका काढून टाका किंवा दोघींची मिळून एक करा.

ऋतूचा परिणाम आधी काढला असं मी वर ओझरतं म्हटलं, त्यावर दोन शब्द हवेत. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतं आणि बाकीचे महिने शून्य. दुधाच्या संकलनात हिवाळ्यात पुष्टकाळ, उन्हाळ्यात कृशकाळ. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर बांधकाम जवळजवळ थांबतं. कच्च्या मासिक आकड्यांवर विश्लेषण केलं तर पहिला घटक हमखास पंचांगच हाती देतो, म्हणजे मृग कधी लागतो आणि धुराडं कधी पेटतं एवढंच. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून वाढीचा दर घेतला की हा त्रास बराच कमी होतो, पण दुसरा सुरू होतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मारुती सुझुकीची देशांतर्गत विक्री शून्य होती. एप्रिल २०२१ चा वाढीचा दर काढायला बसलात तर शून्याने भागावं लागतं. जिथे अगदी शून्य नव्हतं तिथेही दर काहीच्या काही येतात, आणि तेवढे दोन महिने उरलेल्या सगळ्या वर्षांवर मात करून भार ठरवतात. म्हणून या काळातून जाणारा कोणताही निर्देशांक हाती आला की तो ते महिने वगळून पुन्हा काढून पाहावा. भार फारसे बदलले नाहीत तर ठीक. बदलले तर तुमचं प्रारूप टाळेबंदीचं आहे, अर्थव्यवस्थेचं नाही.

आता तो सापळा. रिचर्ड स्टोन यांनी १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय लेख्यांतल्या १७ मालिका घेतल्या, काळ १९२२ ते १९३८, आणि त्यांचे मुख्य घटक काढले. पहिल्या तीन घटकांत जवळजवळ ९७ टक्के विचरण मावलं. एक राष्ट्रीय उत्पन्नाशी जुळत होता, दुसरा उत्पन्नातल्या बदलाशी, तिसरा काळाबरोबर सरळ चालणाऱ्या कलाशी. अर्थशास्त्रात या साधनाचा हा पहिल्या मोठ्या उपयोगांपैकी एक, आणि निकाल इतका सुबक की पुढच्या पिढ्यांनी तो उदाहरण म्हणून वापरला. मला त्यातला पहिला घटक पटतो, कारण त्याचं उत्पन्नाशी असलेलं नातं स्वतंत्रपणे तपासलेलं होतं. पण तीन घटकांत जवळजवळ सगळं मावलं याचं आश्चर्य मला आता वाटत नाही.

का, ते वाचकाने स्वतःच्या यंत्रावर पाहावं. एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या साठ मालिका तयार करा. प्रत्येक मालिका म्हणजे यादृच्छिक चाल : मागच्या महिन्याच्या जागेवरून नाणेफेक केल्यासारखं थोडं वर किंवा थोडं खाली.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
X = rng.standard_normal((240, 60)).cumsum(axis=0)
Z = X - X.mean(axis=0)
U, s, Vt = np.linalg.svd(Z, full_matrices=False)
print((s**2 / (s**2).sum())[:3])
```

सामाईक असं यात काहीच घातलेलं नाही. तरीही पहिला घटक साठ टक्क्यांच्या आसपास विचरण घेऊन बसतो, दुसरा पंधरा, तिसरा सात. मालिका आणि महिने वाढवत नेले तर हे वाटे ६१, १५ आणि ७ या टक्क्यांजवळ स्थिरावतात. तिन्ही मिळून ऐंशीच्या वर. त्या घटकांचे आलेख काढले तर गुळगुळीत लाटा दिसतात : पहिला अर्धी कोसाइन लाट, दुसरा पूर्ण, तिसरा दीड. यात यादृच्छिक काही राहिलेलंच नाही. अॅलेक्सी ओनात्स्की आणि चेन वांग यांनी २०२१ साली याची रीतसर सिद्धता दिली, आणि ती ज्या पायावर उभी आहे तो कोसंबींच्या विस्ताराचाच पाया आहे. भटकणाऱ्या प्रक्रियेचं बहुतेक विचरण तिच्या सर्वांत संथ लाटांमध्ये असतं. अशी प्रत्येक मालिका स्वतःपुरती अर्ध्या लाटेसारखी दिसते, कधी सुलटी कधी उलटी, आणि साठ जणींच्या अर्ध्या लाटा एकत्र आल्या की मुख्य घटक त्यांनाच सामाईक हालचाल समजतो.

म्हणून किमती, कर्जं, ठेवी, उत्पादन यांच्या पातळ्या तशाच घेऊन घटक काढू नयेत. आधी फरक किंवा वाढीचे दर घ्यावेत. पातळ्यांवर केलेल्या विश्लेषणात पहिल्या घटकाचा आलेख अर्ध्या लाटेसारखा आणि दुसऱ्याचा पूर्ण लाटेसारखा दिसला, की त्या निबंधाचे निष्कर्ष मी तरी बाजूला ठेवतो. आणखी एक किरकोळ गोष्ट सुरुवातीला सगळ्यांनाच गोंधळात टाकते. घटकाचं चिन्ह मनमानी असतं, त्यामुळे संगणकाने निर्देशांक उलटा दिला तर घाबरू नये. वीजवापराशी त्याचा सहसंबंध ऋण आला तर सगळ्याला उणे एकने गुणा आणि पुढे चला.

इथवरच्या साधनात एक उणीव आहे. मुख्य घटकाला काळ कळत नाही. महिन्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिसला तरी भार तेच येतील. गगनबावड्याचा आकडा आधी पाहणाऱ्या वाचकाला जे कळतं, म्हणजे वरचा पाऊस आणि खालची पातळी यांत अंतर आहे आणि काल चढती असलेली नदी आज बहुधा चढतीच असेल, ते या गणितात कुठेच नाही. जॉन गेविक यांनी, तसंच टॉमस सार्जंट आणि क्रिस्तोफर सिम्स यांनी १९७७ साली ती उणीव भरून काढणारं प्रारूप अर्थशास्त्रात आणलं. त्याचं सर्वांत साधं रूप दोन ओळींचं आहे :

```
x_it = λ_i · f_t + e_it
f_t  = a · f_(t-1) + u_t
```

पहिली ओळ सांगते की i क्रमांकाच्या मालिकेत सामाईक घटकाचा λ_i इतका हिस्सा आहे आणि उरलेलं e_it तिचं स्वतःचं. दुसरी सांगते की सामाईक घटकाला कालची आठवण असते. बाकीचा सगळा विषय या दोन ओळी ताणून झालेला आहे : घटक एकाऐवजी तीन, आठवण एका महिन्याऐवजी तीन महिन्यांची, काही मालिका घटकाला उशिरा प्रतिसाद देणाऱ्या. घटक किती घ्यायचे यासाठी जुशान बाई आणि सेरेना एनजी यांनी २००२ साली निकष दिले. ते उपयोगी आहेत, पण भारतीय मासिक मालिकांसारख्या तोकड्या माहितीत ते अनेकदा जास्त घटक सुचवतात. मी एकापासून सुरुवात करतो आणि दुसरा घटक काय आहे हे साध्या मराठीत सांगता आलं तरच तो ठेवतो.

या प्रारूपाचा खरा फायदा दिसतो तो आकडे अर्धवट हाती असताना, आणि ते नेहमीच अर्धवट असतात. महिना संपल्यावर काही दिवसांतच ई-वे बिलं, वाहनविक्री, विजेची मागणी कळते; औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक त्यानंतर काही आठवड्यांनी येतो; तिमाहीचं राष्ट्रीय उत्पन्न कळायला तिमाही संपून जवळजवळ दोन महिने जावे लागतात. कोष्टकाची खालची कड त्यामुळे दातेरी असते. मुख्य घटकाला पूर्ण कोष्टक लागतं. गतिमान प्रारूप काल्मन फिल्टरच्या मदतीने, जे आलं आहे तेवढ्यावर अंदाज बांधतं आणि पुढचा आकडा आला की तो दुरुस्त करतं.

ही दुरुस्ती कशी होते ते एकदा आकड्यांत पाहू. पुन्हा कल्पित उदाहरण, आणि दोन्ही मालिकांचे भार सोयीसाठी एक धरू. मागच्या महिन्यात सामाईक घटक १ होता हे पक्कं माहीत आहे, a ची किंमत ०.८ आहे आणि नव्या धक्क्याचं विचरण ०.३६. काहीही नवीन कळण्याआधी या महिन्याचा अंदाज ०.८ आणि त्यातली अनिश्चितता ०.३६. आता वाहननोंदणीचा आकडा येतो : उणे ०.२. अपेक्षा ०.८ होती, म्हणजे अपेक्षाभंग उणे १. पण ही मालिका गोंगाटाची आहे, तिच्या स्वतःच्या हालचालीचं विचरण ०.६४. तेव्हा अपेक्षाभंगाचा किती हिस्सा मनावर घ्यायचा? ०.३६ भागिले (०.३६ अधिक ०.६४), म्हणजे ०.३६. अंदाज ०.८ वरून ०.४४ वर येतो आणि अनिश्चितता ०.२३. आठवड्याने विजेचा आकडा येतो : ०.०४. ही मालिका स्वच्छ आहे, तिचा गोंगाट ०.२३ इतकाच. अपेक्षाभंग उणे ०.४, तो निम्मा मनावर घ्यायचा, अंदाज ०.२४. विजेचा आकडा लांबला असता तर आपण ०.४४ वर थांबलो असतो, गणित अडलं नसतं. शिवाय हिशेब उघडा राहतो : महिन्याचा अंदाज ०.८ वरून ०.२४ वर का घसरला असं कोणी विचारलं तर वाहनांमुळे ०.३६ आणि विजेमुळे ०.२० असं उत्तर देता येतं. जिआनोने, राइख्लिन आणि स्मॉल यांनी २००८ साली ही पद्धत मध्यवर्ती बँकांच्या कामाची कशी करायची ते दाखवल्यावर ती जगभर पसरली. चालू तिमाहीचा असा अंदाज करण्याला नाऊकास्टिंग हे नाव रूढ झालं.

आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं उदाहरण मुंबईतलं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२० च्या बुलेटिनमध्ये पंकज कुमार यांनी २७ मासिक निर्देशकांवरून गतिमान घटक प्रारूपाने काढलेला आर्थिक सक्रियतेचा निर्देशांक मांडला. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न २३.९ टक्क्यांनी घसरल्याचं तोवर जाहीर झालं होतं. जुलै ते सप्टेंबरचा अधिकृत आकडा यायचा होता. निर्देशांकावरून अंदाज निघाला उणे ८.६ टक्के. सलग दोन तिमाही घसरण म्हणजे देश तांत्रिकदृष्ट्या मंदीत गेला, अशा बातम्या झाल्या. महिनाअखेर सांख्यिकी कार्यालयाचा आकडा आला उणे ७.५. दिशा बरोबर, सावरण्याचा वेग थोडा कमी धरलेला. अनेकांनी १.१ टक्क्याची ही चूक हिणवली. मला ती मोठी वाटत नाही, कारण तीन महिन्यांनी सांख्यिकी कार्यालयानेही तोच आकडा उणे ७.३ केला आणि आधीच्या तिमाहीचा उणे २४.४. ज्या मापाशी ताडून पाहायचं तेच अजून हलत होतं. माझा आक्षेप वेगळा आहे. असे निर्देशक प्रामुख्याने संघटित क्षेत्राचे असतात : करभरणा, ई-वे बिलं, रेल्वे, आयात-निर्यात. शेतमजूर, बाजारातला भाजीवाला, ऊसतोड टोळीचा मुकादम यांची हालचाल त्यात उमटली तर आडवळणाने उमटते. २७ मालिकांत जे सामाईक आहे ते २७ मालिकांचं सामाईक आहे. देशाचं आहे असं म्हणायला वेगळा पुरावा लागतो.

हाच आक्षेप नकाशावर खाली आणला की आपण पुन्हा गगनबावड्याला पोचतो. कोल्हापूर जिल्ह्यातला हा सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. जिल्ह्याचं उत्पन्न वर्षाकाठी एकदा अंदाजलं जातं. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात तालुक्याच्या सारण्या असतात, पण त्याही वार्षिक. मासिक मालिका जमवल्याच तर त्यांतल्या सगळ्यात ठळक घटना कोणत्या दिसतील? करूळ घाट बंद झाला की मालाच्या गाड्या भुईबावडा, फोंडा नाही तर आंबा घाटाकडे वळतात. एका रस्त्याच्या मालिकेत खड्डा पडतो आणि दुसरीत उंचवटा येतो. जिल्ह्याच्या सामाईक घटकाच्या दृष्टीने यात काहीच घडलेलं नाही, कारण माल पोचलाच. प्रारूप ही घटना e_it मध्ये टाकतं आणि ते बरोबरच करतं. पण गगनबावड्याच्या बाजारपेठेत ज्याचं हॉटेल त्या वाहतुकीवर चालतं त्याच्यासाठी ते e_it हेच वर्षाचं उत्पन्न असतं. याउलट ऑगस्ट २०१९ चा महापूर. तेव्हा दूध संकलन, वाहतूक, बाजार समिती, कारखाने सगळं एकदम खाली गेलं. तो जिल्ह्याचा सामाईक धक्का होता, आणि राज्याच्या पातळीवर पुन्हा स्थानिक. कोणती हालचाल सामाईक आणि कोणती स्थानिक हे घटनेच्या अंगी नसतं, आपण कोणत्या वर्तुळात मालिका गोळा केल्या त्यावर ते ठरतं. म्हणून या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घटकाच्या आलेखाबरोबर अवशेषांचे आलेखही छापले आहेत. प्रकाशकाला ते पान वाया गेल्यासारखं वाटलं, मी हट्टाने ठेवलं.

शेवटी वाचकाला एक विनंती. आपल्याकडे जुने आकडे मिळतात ते सुधारलेल्या रूपात. त्या त्या दिवशी प्रत्यक्ष काय जाहीर झालं होतं हे बहुतेक मालिकांबाबत कुठेच सापडत नाही, आणि त्यावाचून एखादं प्रारूप त्या वेळी खरोखर किती चाललं असतं हे तपासता येत नाही. तुम्ही शिक्षक असा, कारखान्यात, दूध संघात किंवा तहसील कचेरीत काम करत असा, हाताशी येणाऱ्या एका तरी मासिक मालिकेचा आकडा आला तसा, आल्या तारखेसह, वहीत उतरवायला लागा, आणि नंतर तो सुधारला गेला तर जुना खोडू नका, शेजारी नवा लिहा.